एकच बिल, तीन मेसेज: ग्राहकाची माफी मागण्याआधी काय मोजावे लागते

महिन्याच्या पाच तारखेला सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी मोबाइल वाजतो: ‘आपले इंटरनेटचे बिल ₹७०८ थकीत आहे. कृपया १० तारखेपूर्वी भरावे.’ ग्राहक तिथल्या तिथे यूपीआयने पैसे भरतो आणि कामाला लागतो. मिनिटभरात तोच मेसेज पुन्हा येतो आणि पाठोपाठ तिसराही. आता त्याच्या मनात तीन शंका येतात. भरलेले पैसे पोचलेच नाहीत का? हे वेगळे, जुने बिल आहे का? की कोणीतरी कंपनीच्या नावाने फसवायला बसले आहे?

संध्याकाळी कंपनीचा खुलासा येतो: ‘तांत्रिक अडचणीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ तीन शंकांपैकी एकीचेही उत्तर त्यात नसते. असे खुलासे घाईत लिहिले जातात हे खरे, पण त्यांची खरी उणीव भाषेतली नसते. किती जणांना किती मेसेज गेले आणि का गेले, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसते, म्हणून वाक्य मोघम होते. चांगला माफीनामा आधी आकड्यांत तयार होतो आणि नंतर शब्दांत उतरतो. तो कसा तयार होतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण धरून चालू.

समजा, एका शहरात इंटरनेट पुरवणारी मध्यम आकाराची कंपनी आहे. तिचे ग्राहक १२,०००. दर महिन्याच्या ५ तारखेला सकाळी दहा वाजता एक प्रोग्रॅम आपोआप सुरू होतो. ज्यांचे बिल भरायचे राहिले आहे त्यांची यादी तो काढतो आणि प्रत्येकाला आठवण पाठवतो. या महिन्यात अशी ३,२०० नावे निघाली. मेसेज कंपनी स्वतः पोचवत नाही. ती ते एसएमएस गेटवेकडे सोपवते, म्हणजे मोबाइल कंपन्यांपर्यंत मेसेज नेणाऱ्या मधल्या सेवेकडे. प्रोग्रॅम शंभर-शंभर नावांचे गठ्ठे करतो, म्हणजे एकूण ३२ गठ्ठे. गठ्ठा पाठवला की ‘मिळाला’ असे उत्तर येण्याची तो दहा सेकंद वाट पाहतो. उत्तर आले नाही तर गठ्ठा गेला नाही असे धरून तोच पुन्हा पाठवतो. असे जास्तीत जास्त तीन प्रयत्न.

वर्षभर हे सुरळीत चालले. पण महिन्याच्या सुरुवातीला हप्ते, फी, विमा, वीज अशा सगळ्यांच्याच आठवणी एकदम निघतात. त्या सकाळी गेटवेवर गर्दी होती. गठ्ठे त्याच्याकडे पोचत होते, तो ते पुढेही पाठवत होता, फक्त ‘मिळाला’ हे उत्तर द्यायला त्याला दहाऐवजी पंधरा-वीस सेकंद लागत होते. तेवढ्यात इकडच्या प्रोग्रॅमचा धीर सुटत होता आणि तोच गठ्ठा दुसऱ्यांदा निघत होता.

रजिस्टर पत्र पाठवणाऱ्याला हा पेच ओळखीचा वाटेल. पोचपावती परत आली नाही, तर पत्र वाटेत हरवले की पत्र पोचले आणि पावतीच हरवली, हे पाठवणाऱ्याला घरबसल्या कळत नाही. दोन्ही वेळा त्याच्या हाती एकच गोष्ट असते: शांतता. संगणकशास्त्रात हा प्रश्न १९७० च्या दशकापासून ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणून शिकवला जातो. बेभरवशाच्या वाटेने निरोप पाठवताना दोन्ही टोकांची पक्की खात्री होणे शक्य नाही, हे त्यात सिद्ध केलेले आहे. त्यामुळे कोणतीही यंत्रणा बांधणाऱ्याला दोनपैकी एक धोका पत्करावा लागतो. शंका आली की पुन्हा पाठवायचे, म्हणजे निरोप चुकणार नाही पण दोनदा जाऊ शकेल. किंवा शंका आली की थांबायचे, म्हणजे दोनदा जाणार नाही पण एखादा चुकू शकेल. या कंपनीच्या प्रोग्रॅमने पहिला मार्ग धरला होता. तो कोणी विचार करून निवडला नव्हता. ‘चुकले तर पुन्हा कर’ ही सवय प्रोग्रॅमच्या तयार साधनांमध्ये आधीपासून असते आणि ती तशीच राहून गेली होती.

सव्वादहाला तक्रारींचे फोन सुरू झाले. गोंधळ नेमका किती मोठा आहे हे शोधताना पहिली अडचण अशी, की कंपनीच्या स्वतःच्या नोंदीत काहीच चूक दिसत नव्हती. प्रोग्रॅम फक्त उत्तर आलेल्या प्रयत्नाची नोंद करत होता. त्यामुळे स्क्रीनवर आकडा होता ३,२०० मेसेज पाठवले. थकबाकीदार ३,२००, मेसेज ३,२००. हिशेब जुळत होता. अशा वेळी तक्रार करणाऱ्यालाच ‘तुमच्या मोबाइलमध्ये काहीतरी गडबड असेल’ असे सांगितले जाण्याचा धोका असतो.

खरा आकडा गेटवेच्या बाजूला होता. प्रत्येक मेसेजचे पैसे तो लावतो, म्हणून प्रत्येक मेसेजची नोंद तो ठेवतोच. त्याच्या अहवालात त्या अर्ध्या तासात ४,९०० मेसेज होते. १,७०० जास्तीचे! ते मोबाइल क्रमांकांनुसार लावल्यावर चित्र स्पष्ट झाले. ३२ पैकी १८ गठ्ठे एकदाच गेले, ११ गठ्ठे दोनदा आणि ३ गठ्ठे तीनदा. म्हणजे १,८०० ग्राहकांना एक, १,१०० ग्राहकांना दोन आणि ३०० ग्राहकांना तीन मेसेज मिळाले. माफी मागायची ती या १,४०० जणांची. बाकीच्या १०,६०० ग्राहकांना काहीच घडल्याचे माहीत नाही. सरसकट सगळ्यांना खुलासा पाठवला, तर ज्यांनी आठवण पाहिलीच नाही ते ‘कसली चूक, माझ्या बिलात काही घोळ आहे का’ म्हणून फोन करू लागतील.

मग तिसरी यादी काढायची, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची: दोनदा पैसे भरणाऱ्यांची. मेसेजमधल्या लिंकला बिल क्रमांक जोडलेला असेल, तर दुसऱ्या वेळी ‘बिल भरले आहे’ असे दिसते आणि धोका टळतो. पण पुष्कळ ग्राहक लिंक वापरत नाहीत. कंपनीचा जतन केलेला यूपीआय आयडी उघडून ते रक्कम टाकतात. तिथे दुसऱ्यांदा अडवणारे कोणी नसते. आपल्या उदाहरणात त्या दिवशी दुपारपर्यंत एकाच ग्राहकाकडून त्याच रकमेचे दोन भरणे आले आहेत असे नऊ जण सापडले, असे धरू. ऑनलाइन व्यवहार अर्धवट अडकला तर पैसे परत करण्याच्या मुदती आणि उशीर झाल्यास रोजचे ₹१०० असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. पण तो फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे दोन्ही व्यवहार यशस्वी झाले आहेत, म्हणून बँकेच्या यंत्रणेतून पैसे आपोआप परत येणार नाहीत. ते कंपनीनेच शोधून परत करायचे असतात, आणि माफीनाम्यात तसे लिहायचे तर ही यादी आधी हातात हवी.

मोठ्या बँकेलाही अशा दिवसातून जावे लागले आहे. २५ डिसेंबर २०२१ रोजी, ऐन नाताळात, ब्रिटनमधल्या सँटँडर बँकेकडून सुमारे ७५,००० भरणे दोनदा झाली. सुमारे दोन हजार व्यावसायिक खातेदारांनी लावून ठेवलेले पगार आणि पुरवठादारांची देणी दुसऱ्यांदा निघाली. एकूण रक्कम १३ कोटी पौंड. कारण वेळापत्रक लावणाऱ्या यंत्रणेतील दोषाचे होते. बँकेच्या निवेदनात माफीबरोबरच हेही सांगितले होते, की दुसऱ्यांदा गेलेल्या रकमेमुळे कोणाही खातेदाराचे पैसे कमी झालेले नाहीत. ती रक्कम बँकेच्या स्वतःच्या पैशांतून गेली होती आणि ती वसूल करण्याचे काम बँक इतर बँकांच्या मदतीने करणार होती. ‘माझे पैसे गेले का?’ हा खातेदाराचा पहिला प्रश्न, आणि त्याचे उत्तर तिथे होते.

यादी हाती आली तरी लगेच माफी पाठवायची नसते. आधी प्रोग्रॅम थांबवावा लागतो आणि वाटेत अडकलेले मेसेज काढून टाकावे लागतात. हे दुसरे काम विसरले तर काय होते याचे उदाहरण अमेरिकेत घडले. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी, व्हॅलेंटाइन दिनी, मोबाइल कंपन्यांमध्ये मेसेजची ने-आण करणाऱ्या सिनिव्हर्स या कंपनीचा एक सर्व्हर बंद पडला. त्यात १,६८,१४९ मेसेज अडकून राहिले. नोव्हेंबरमध्ये तो सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि ७ नोव्हेंबरच्या पहाटे ते सगळे मेसेज लोकांच्या मोबाइलवर येऊन पडले. काहींना तुटलेल्या नात्यातल्या माणसाचा निरोप मिळाला, काहींना मधल्या काळात वारलेल्या माणसाचा. कंपनीने माफी मागितली. बिलाच्या आठवणीबाबत परिणाम एवढा हृदयद्रावक नसतो, पण माफीनामा वाचून झाल्यावर तासाभराने तीच आठवण चौथ्यांदा आली, तर त्या माफीनाम्यावर कोण विश्वास ठेवेल?

दुसरी खबरदारी अशी, की आठवण ज्या प्रोग्रॅममधून दोनदा गेली त्याच प्रोग्रॅममधून माफी पाठवू नये. गेटवेवर गर्दी तीच, दहा सेकंदांची घाई तीच. मग माफीही तीनदा जाईल. हे टाळायला पुन्हा प्रयत्न करण्याची सोय बंद ठेवतात आणि आधी कंपनीतल्याच आठ-दहा मोबाइलवर मेसेज पाठवून पाहतात.

भारतात आणखी एक अडसर येतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या, २०१८ च्या नियमांनुसार कंपनीला ग्राहकांना पाठवायच्या एसएमएसचा मसुदा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. नाव, रक्कम, तारीख अशा बदलत्या जागा मोकळ्या सोडायच्या आणि बाकीचा मजकूर तंतोतंत जुळायला हवा. जुळला नाही तर मोबाइल कंपनी तो वाटेतच अडवते. म्हणजे चूक झाल्यावर दुपारी बसून नव्या शब्दांत मनापासून लिहिलेला एसएमएस संध्याकाळपर्यंत जाईलच असे नाही. म्हणून अनुभवी कंपन्या दुरुस्तीचा एक मसुदा आधीच मंजूर करून ठेवतात. त्यात नुकसानभरपाई म्हणून सवलतीचे कूपन घालण्याचा मोह टाळावा लागतो, कारण सवलत आली की तो मेसेज जाहिरातीच्या वर्गात मोडतो आणि ज्यांनी जाहिराती नको म्हणून नोंद केली आहे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

मराठीत लिहायचे तर जागाही कमी असते. रोमन लिपीतला एक एसएमएस १६० वर्णांचा असतो, देवनागरीतला ७० वर्णांचा. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘क्षमस्व’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द मोजणीत सात वर्णांचा होतो. मेसेज दोन भागांत गेला तर प्रत्येक भागात ६७ वर्ण मावतात, म्हणजे एकूण १३४. एवढ्यात बसेल असा मजकूर साधारण असा होतो:

‘आज बिलाची आठवण आमच्या चुकीमुळे पुन्हा आली. बिल एकच आहे. भरले असल्यास काही करू नका. दोनदा भरलेले पैसे परत मिळतील. क्षमस्व.’

हे १२१ वर्ण आहेत. कंपनीचे छोटे नाव जोडायला जागा उरते. यात कारण आलेले नाही, आणि एसएमएसमध्ये ते येऊही शकत नाही. पण सुरुवातीच्या तिन्ही शंकांपैकी पहिल्या दोघींची उत्तरे त्यात आहेत. कारण आणि दुरुस्ती सांगायला ई-मेल किंवा कंपनीचे ॲप वापरतात. तिथला मजकूर असा असू शकतो:

‘नमस्कार. आज, ५ तारखेला सकाळी १० ते १०.३० दरम्यान आमच्याकडून तुम्हाला बिलाची एकच आठवण तीनदा आली. चूक आमची आहे. तुमचे या महिन्याचे बिल एकच आहे आणि रक्कम बदललेली नाही. बिल भरले असेल तर काहीही करावे लागणार नाही. दोनदा भरले गेले असेल तर जादा रक्कम १२ तारखेपर्यंत त्याच खात्यात परत जमा होईल. त्यासाठी अर्ज किंवा फोन करण्याची गरज नाही.

असे का झाले: मेसेज पोचवणाऱ्या सेवेकडून उत्तर यायला आज उशीर लागत होता. उत्तर आले नाही म्हणजे मेसेज गेला नाही, असे आमच्या प्रोग्रॅमने धरले आणि तो पुन्हा पाठवला. प्रोग्रॅम आम्ही १०.३० वाजता थांबवला. एका बिलाची ठरलेली आठवण एकदाच निघेल अशी तपासणी त्यात घातली आहे. ती चाचणीत उतरल्यावरच प्रोग्रॅम पुन्हा सुरू होईल. या पत्रात कोणतीही लिंक नाही. बिल तुमच्या नेहमीच्या ॲपमध्येच पाहावे.’

या मजकुरातल्या दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. एक, यात गेटवेवर खापर फोडलेले नाही. गेटवे संथ झाला हे निमित्त होते. उत्तर न येण्याला ‘गेला नाही’ असे समजणे हे मूळ कारण होते, आणि तो भाग कंपनीने लिहिलेला होता. ‘बाहेरच्या सेवेतील बिघाडामुळे’ असे लिहिले असते तर प्रत्येक शब्द खरा ठरला असता, तरी ग्राहकाची समजूत चुकीची झाली असती. शिवाय गेटवे पुढच्या महिन्यातही संथ होणारच. ‘काही ग्राहकांना’ असे न लिहिता ‘तुम्हाला तीनदा’ असे लिहिता येते, तेही आकडे आधी काढल्यामुळेच. ज्यांना दोनदा मेसेज गेला त्यांच्या पत्रात ‘दोनदा’ असते.

दुसरी गोष्ट लिंकची. तिसरी शंका फसवणुकीची होती आणि ती मुळीच अवाजवी नाही. ‘मागच्या महिन्याचे बिल भरलेले नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ अशा मेसेजने २०२२ च्या सुमारास देशभर लोकांना गंडवले गेले. महाराष्ट्रात महावितरणला वारंवार सांगावे लागले की आपले मेसेज खासगी मोबाइल नंबरवरून येत नाहीत, पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीची नोंदलेली अक्षरे असतात. एकाच बिलाचे तीन मेसेज आलेला ग्राहक आधीच सावध असतो. त्याला ‘रिफंडसाठी इथे दाबा’ असे सांगणारी माफी पाठवली, तर ती हुबेहूब भामट्याच्या मेसेजसारखी दिसते. पुढे खरेच कोणी भामटा या गोंधळाचा फायदा घेईल, तेव्हा ग्राहकाला दोघांतला फरक करता यायला हवा. कंपनीच्या पत्रात लिंक नाही, नवा नंबर नाही आणि ग्राहकाने काहीच करायचे नाही, एवढ्यावरून तो करता येतो.

आता पत्रात दिलेल्या दुरुस्तीच्या शब्दाकडे. सगळ्यात सोपा उपाय दहा सेकंदांचे साठ सेकंद करण्याचा. त्याने अशी वेळ कमी वेळा येईल, पण गेटवे सत्तर सेकंद अडला की पुन्हा तेच. खरी दुरुस्ती प्रत्येक आठवणीला स्वतःची ओळख देण्यात आहे. मेसेज पाठवण्याआधी प्रोग्रॅम एका तक्त्यात नोंद करतो: कोणते बिल, कोणत्या दिवसाची आठवण. त्या तक्त्याला एक नियम घातलेला असतो:

```sql
UNIQUE (bill_no, reminder_date)
```

याचा अर्थ, त्याच बिलाची त्याच दिवसाची दुसरी नोंद डेटाबेस घेतच नाही. नोंद झाली नाही तर मेसेजही निघत नाही. प्रोग्रॅम चुकून दोनदा सुरू झाला, दोन सर्व्हरवर एकदम सुरू झाला, तरी हा नियम आड येतो. इथे एक बारकावा आहे. तारीख घड्याळातली घ्यायची नाही, बिलाच्या वेळापत्रकातली घ्यायची. नाहीतर रात्री ११.५९ ला अडकलेली आठवण १२.०१ ला ‘नव्या दिवसाची’ ठरते आणि पुन्हा निघते.

उरला प्रश्न तो उत्तर न आलेल्या गठ्ठ्यांचा. आता प्रोग्रॅम ते पुन्हा पाठवत नाही. ‘कळले नाही’ असा शेरा मारून तो पुढे जातो आणि काही मिनिटांनी गेटवेला विचारतो, हे मेसेज तुझ्याकडे आले का? ‘नाही’ असे स्पष्ट उत्तर आले तरच त्याच नोंदीवरून पुन्हा पाठवतो. काही गेटवे पाठवणाऱ्याने दिलेला ओळख क्रमांक लक्षात ठेवतात आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसरा मेसेज काढत नाहीत. तशी सोय असेल तर ती वापरणे उत्तम. उत्तर मिळालेच नाही तर तो मेसेज संध्याकाळपर्यंत तसाच राहतो आणि माणूस निर्णय घेतो. यात काही ग्राहकांना आठवण मिळणारच नाही हे उघड आहे. म्हणजे कंपनीने धोका नाहीसा केला नाही, बाजू बदलली. बिलाच्या आठवणीसाठी ही बाजू योग्य आहे, पण एक अट पाळली तर: ज्याला आठवण गेली नाही त्याच्याकडून उशिराचा दंड घ्यायचा नाही. दंड आकारणाऱ्या प्रोग्रॅमने तोच तक्ता पाहायला हवा.

ही दुरुस्ती झाली की नाही हे पुढच्या पाच तारखेची वाट न पाहता तपासता येते. चाचणीसाठी नकली गेटवे उभा करतात. तो प्रत्येक मेसेज स्वीकारतो आणि मुद्दाम वीस सेकंद उशिरा उत्तर देतो. त्याला शंभर आठवणी पाठवायच्या आणि शेवटी त्याने किती मोजल्या ते पाहायचे. जुना प्रोग्रॅम इथे तिन्ही प्रयत्न खर्च करून ३०० वर पोचतो, नव्याने १०० वर थांबायला हवे. त्यानंतर रोज रात्री दोन आकडे शेजारी मांडायचे, आपल्या तक्त्यातल्या आठवणी आणि गेटवेने बिल लावलेले मेसेज. लांब मेसेज दोन भागांत गेला तर गेटवे तो दोन मोजतो, म्हणून तुलना भागांची नको, मेसेजची हवी. या दोन आकड्यांत फरक दिसला तर पुढची तुकडी आपोआप थांबते आणि जबाबदार माणसाला फोन जातो. उदाहरणातल्या त्या सकाळी हीच तुलना गठ्ठ्यागणिक चालू असती, तर दुसऱ्यांदा गेलेल्या पहिल्याच गठ्ठ्यानंतर शंभर जास्तीच्या मेसेजवर प्रोग्रॅम थांबला असता, आणि माफीचे पत्र १,४०० ऐवजी १०० जणांना लिहावे लागले असते.